दोनशेचा ठराव

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. सिडकोतल्या आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाजही तसाच झालाय. आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष. चौदा बायका. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीनला माझ्या ओट्यावर सतरंजी पडते, आणि तीन वाजून पाच मिनिटांनी जी येते तिला दोन रुपये दंड. उगाच नाही आमचा गट आठ वर्षं टिकला.

ही गोष्ट दोन हजार आठच्या दिवाळीनंतरची.

त्या वर्षी अंबडच्या कारखान्यांत एकदम शुकशुकाट झाला. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान कोंडाजीराव, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला. आधी ओव्हरटाइम गेला, मग रात्रपाळी गेली, मग आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं. मी विचारलं, "अहो, असं झालं तरी काय?" तर म्हणाले, "लोक गाड्या घेईनात. मंदी येणार म्हणून जो तो पैसा धरून बसलाय."

मला ते बरोबरच वाटलं. शहाणी माणसं असंच करतात. मीही तेच केलं होतं ना! शहाण्णव साली ह्यांचा आधीचा कारखाना बंद पडला, तेव्हा आठ महिने मी घरात एक पैसा वाकडा जाऊ दिला नाही. नवी साडी नाही, चहात दूध बेताचं, पोरांना शिंप्याकडे नाही, हातानेच शिवायचं. त्याच वाचवलेल्या पैशातून ही गिरणी उभी राहिली. त्यामुळे काटकसरीवर माझा देवाइतका विश्वास.

म्हणून नोव्हेंबरच्या बैठकीत मी ठराव मांडला. महिन्याची बचत शंभराची दोनशे करायची. आणि ते पैसे कुठून काढायचे तेही मीच सांगितलं. दारच्या पुडीची फुलं बंद. शिंपिणीकडे ब्लाउज बंद, जुनेच उसवून वापरा. फराळाचं विकत बंद. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण नाही, नुसतं कुंकू लावून तिळाचे चार दाणे हातावर. "लक्ष्मी घराबाहेर जाऊ द्यायची नाही," मी म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जी सलग तीन महिने बचत देणार नाही आणि चौथ्याला सगळी बाकी भरणार नाही, तिचं नाव गटातून कमी, हा आमचा जुना नियम होताच. तो मी पुन्हा वाचून दाखवला.

आता गंमत बघा. ज्या टाळ्या वाजवत होत्या त्यांच्यात आमची छाया बसली होती, जी ब्लाउज शिवते. भागीबाई होत्या, ज्या चकल्या, अनारसे, तिळाचे लाडू करून विकतात. कलाबाई होती, मखमलाबादच्या मळ्यातून रोज सकाळी झेंडू-शेवंती घेऊन आमच्या वसाहतीत फिरणारी. बायडाबाई होती, जिचं बांगड्यांचं आणि वाणाच्या वस्तूंचं दुकान. एकीलाही काही खटकलं नाही. प्रत्येकीला वाटलं, मी खर्च कापते, पण माझ्याकडचं गिऱ्हाईक काही जात नाही.

आणि मला? मला तर त्या दिवशी आपण कोण मोठ्या अर्थमंत्री असं वाटत होतं. आसपासच्या गटांच्या एकत्र मेळाव्यात मी हा ठराव छाती पुढे काढून सांगितला. आठ गटांनी तो उचलला.

नोव्हेंबरला अठ्ठावीसशे जमा. चौदा गुणिले दोनशे, एकही कमी नाही. बँकेच्या प्रतिभा मॅडम म्हणाल्या, "वा, चंद्रभागाबाई!" मी घरी पेढे आणले नाहीत, कारण ठराव होता.

डिसेंबरला तेवीसशे. जानेवारीला साडेसोळाशे. फेब्रुवारीला अकराशे पन्नास.

अकराशे पन्नास! अहो, शंभर-शंभर देत होतो तेव्हा बिनबोभाट चौदाशे जमायचे. दोनशे ठरवले आणि जमले त्याहून कमी. मी तीन वेळा बेरीज केली. चष्मा पुसून चौथ्यांदा केली.

पहिला विचार आला तो हाच, की बायका लबाडी करतायत. डब्यात दडवतायत आणि बैठकीत तोंड पाडून बसतायत. त्यात छायाने डिसेंबरपासून एक पैसा दिला नव्हता. हिच्या नवऱ्याने दुसरा घरोबा केलेला, पदरात एक मुलगी, पण बाई कष्टाळू. मार्चला तिला गटातून बारा हजारांचं कर्ज द्यायचं आम्ही कबूल केलं होतं, कापडाच्या कडा बांधणाऱ्या इंटरलॉक मशीनसाठी. ते आलं की जूनच्या शाळेच्या गणवेशाचं काम तिला मिळणार होतं. एका शाळेची तीनशे जोड्यांची ऑर्डर, बोलणी झालेली. पण नाव कमी झालं की कर्ज नाही, कर्ज नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर गणवेश गेले. सगळं तिच्या सहाशे रुपयांच्या बाकीवर येऊन अडकलं होतं.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "छाया, मार्चच्या बैठकीत सहाशे आले नाहीत तर नाव काढणार. मी कोणाची भीडभाड ठेवत नाही."

ती म्हणाली, "ताई, कामच नाही हो येत."

"काम नाही म्हणे! पन्नास घरांची गल्ली, आणि काम नाही?"

ती सतरंजीवरून उठून गेली. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

पण ते अकराशे पन्नास माझ्या डोक्यातून जाईनात. दळण घालता घालता मी बोटांवर मोजायची. समजा चौघीजणी लबाड. मग बाकीच्या दहाजणी? कारखान्यात ज्यांचे नवरे आहेत त्यांचं समजू शकते, पगारच अर्धे झाले. पण कलाबाई? तिच्या घरात कारखान्याचा वारासुद्धा नाही. मळा, विहीर, फुलं. तिचे का कमी व्हावेत? मला खरोखर उत्सुकता लागली. राग होताच, पण त्याच्यापेक्षा उत्सुकता जास्त. एखादा आकडा असा वेडावाकडा का वागतो, हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागेना.

म्हणून मी कलाबाईपासून सुरुवात केली. सकाळी तिची टोपली थांबवली.

"कले, खरं सांग. तुझे शंभर कुठे गेले?"

"कुठं जातील अक्का? आलंच नाय तर जातील कुठं!" तिने टोपलीवरचं ओलं फडकं काढलं. "ह्या बगा. समदी वसाहत फिरून आले. पंधरा पुड्या गेल्या. दिवाळीआधी साठ जायच्या. उरली की संध्याकाळी म्हशीपुढं टाकते. आता म्हस फुलं खाऊन दूध का जास्त देती?"

"आणि तू काय बंद केलंस?"

"म्या? लय काय नाय. लेकीचं लगीन हाय ना वैशाखात, तिचं सात ब्लाउज शिवायचं होतं छायाकडं. म्हनलं राहू दे. आनि बायडीकडून बांगड्या घेते त्या बी राहू दिल्या."

मी तिथून सरळ बायडाबाईच्या दुकानात गेले. गिरणी बंद ठेवून! सकाळी दहाला गिरणी बंद पाहून दोघींनी विचारलंही, घरी कोणी आजारी आहे का.

बायडाबाईने मला कोपऱ्यात रचलेली खोकी दाखवली. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, कुंकवाच्या छोट्या कोयऱ्या. संक्रांतीसाठी दरवर्षीसारखाच माल तिने दसऱ्यालाच भरून ठेवला होता. "वाण बंद केलं ना तुम्ही," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, टोमणा न मारता. "वर्षाचा निम्मा धंदा माझा त्या पंधरा दिवसांत होतो."

"अगं पण वाण म्हणजे काय? मी तुला डबी द्यायची, तू मला गाळणी द्यायची. सगळ्यांचं सारखंच. कोणाचंच काही गेलं नाही, असं मला वाटलं."

"देणाऱ्यांचं सारखंच की. विकणारीचं काय?"

मी विचारलं, "आणि तू काय बंद केलंस?"

"भागीबाईंचा फराळ. दर आठवड्याला पोरांना चकल्या घ्यायचे."

आता मला हे उखाणा सोडवल्यासारखं वाटायला लागलं होतं. जिच्याकडे जावं ती दुसरीच्या दारात पाठवतेय. भागीबाईंकडे गेले. त्या पासष्टीच्या, मला नावाने हाक मारणाऱ्या गल्लीत त्या एकट्याच. ओसरीत कढई पालथी घातलेली.

"चंद्रा, ये. तुझी चौकशी आमच्याकडे येणार हे कानावर आलंय," त्या हसल्या. "मी काही दडवलेलं नाही हो. हवं तर डबे उघडून बघ."

"डबे नको. फराळ कमी झाला तर तुम्ही काय बंद केलं ते सांगा."

"काय बंद करणार? भाजणीच बंद. आधी महिन्याला पन्नास किलो भाजणी तुझ्याच गिरणीत दळायचे ना! आता दहा किलो तरी होते की नाही कोण जाणे."

मी ओसरीच्या कठड्यावर बसले.

खरं सांगते, मी गटाला हे सांगितलं नव्हतं, पण गिरणीचं उत्पन्न कधीचं घसरलं होतं. दिवसाला चाळीस डबे यायचे, ते चोवीसवर आले होते. मी त्याचं खापर कारखान्यावर फोडत होते. लोक भाकरीऐवजी काय हवा खातात का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. गव्हा-बाजरीचं दळण फारसं कमी झालंच नव्हतं. कमी झाली होती भाजणी, अनारशाचं पीठ, मसाले, डाळी. म्हणजे विकण्यासाठी बायका जे दळत होत्या ते.

"भागीबाई," मी म्हणाले, "मी छायाकडून वर्षाला सहा ब्लाउज शिवून घेते, फॉल-पिको वेगळं. तेवढं वाचवून मी गटात शंभर जास्त भरले. छायाकडे काम गेलं, तिने तुमचा फराळ बंद केला असेल."

"केलाच. तिची पोरगी रोज शाळेतून येताना चिवडा न्यायची. आता दुसऱ्या रस्त्याने जाते बिचारी, समोर दिसू नये म्हणून."

"तुम्ही माझं दळण बंद केलं. आणि गिरणी कमी चालली म्हणून मी..." मी बोलता बोलता थांबले. गिरणी कमी चालली म्हणून मी आणखी खर्च कापला होता. कलाबाईची पुडी तर मी सगळ्यांच्या आधी बंद केली होती.

म्हणजे लबाड कोणीच नव्हतं. प्रत्येकीने अगदी इमानाने वाचवलं होतं. फक्त जे एकीने वाचवलं ते दुसरीच्या मिळकतीतून कापलं गेलं होतं. पहिल्या महिन्यात कळलं नाही, कारण खर्च कापला तरी हातात मागच्या महिन्याची, दिवाळीची कमाई होती. मग कमाईच आटली. कमाईच नाही तर बचत कशातून करणार, डोंबल? आणि हे एका गटाचं नाही. मी मेळाव्यात मिरवून आठ गटांना हेच शिकवलं होतं. सगळी वसाहत एकाच वेळी मूठ आवळून बसली होती. वर कारखान्याचा पगार तुटलेला, तो वेगळाच.

दुपारी जेवताना मी ह्यांना विचारलं, "अहो, मग शहाण्णव साली माझं कसं जमलं? तेव्हाही मी हेच केलं होतं."

ह्यांनी भाकरी मोडता मोडता विचार केला. हे कमी बोलतात, पण बोलले की नेमकं. "तेव्हा आपल्या एकट्याचा कारखाना बंद होता. तू खर्च बंद केलास, बाकीचे करतच होते. तू गिरणी घातलीस तर दळायला माणसं आली. आली नसती तर?"

"आणि तुमच्या कारखान्याचंही हेच का?"

"तेच की. शेजारच्या तेजस्विनीच्या वडिलांनी मोटारसायकल घ्यायची ठरवली होती, थांबवली. का? तर त्यांचा ओव्हरटाइम गेला. ओव्हरटाइम कशाने गेला? लोकांनी गाड्या घ्यायच्या थांबवल्या म्हणून. एकट्याने थांबवलं तर शहाणपण. सगळ्यांनी थांबवलं की..." त्यांनी रिकामा हात हलवला आणि ताक मागितलं.

मला हसू आलं आणि रडूही. केवढी मोठी गोष्ट, आणि ती माझ्या ओट्यावर घडली होती! पण आनंदही झाला, खोटं का बोलू. कोडं सुटलं होतं. आणि सुटलं तर दुरुस्तही होईल असं वाटलं. कारखाना माझ्या हातात नव्हता, पण गल्ली होती.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी बैठकीआधीच सतरंजी घातली. छाया सोडून सगळ्या आल्या. मी सरळ सांगितलं, "बायांनो, ठराव माझा होता आणि तो चुकला."

मी कधी चुकले असं म्हणाल्याचं कोणाला आठवत नसावं.

मी सगळं समजावून सांगितलं. कोणाची पुडी कोणाच्या ब्लाउजात गेली, कोणाचा ब्लाउज कोणाच्या चकलीत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बायडाबाई म्हणाली, "म्हणजे मी चकल्या बंद केल्या म्हणून माझ्या बांगड्या गेल्या?"

"फिरून फिरून तेच."

"मग आता काय करायचं?"

"बचत पुन्हा शंभर. आणि जे जे बंद केलंय ते सुरू. पुढच्या महिन्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं करू, संक्रांतीचं राहिलेलं वाणही त्यातच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पहिली कोणीच पुढे येईना. शेवटी कलाबाई म्हणाली, "चालंल की. आदी बाकीच्यांनी फुलं घ्यावी, मंग म्या ब्लाउज टाकते."

"अगं आधी तुझे ब्लाउज पडू देत," बायडाबाई म्हणाली, "मग मी..."

"झालं!" मी ओरडले. "आधी तू, आधी तू करत सगळ्या उपाशी मरा!" पण आतून मला त्यांचं पटत होतं. एकटीने हात सैल सोडला आणि बाकीच्या आवळूनच बसल्या तर तीच बुडणार. पहिली कोण होणार, प्रश्न एवढाच होता. आणि तो माझ्याकडेच बघत होता.

मी वही काढली. "लिहा. चंद्रभागा, छायाकडे चार ब्लाउज, आजच. आगाऊ पैसे आजच." मी दोनशे रुपये सतरंजीवर ठेवले. "आता बोला."

भागीबाई म्हणाल्या, "माझे दोन." मग कलाबाईने सुस्कारा सोडला. "लिवा माजे सात." मग एकेक करत आणखी चौघी. वीस ब्लाउज झाले! बायका हसायला लागल्या, कोणाला कुठला गळा हवा त्यावरून चेष्टा सुरू झाली. छायाला कर्ज द्यायचंच, बाकी नंतर बघू, हेही सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. किती दिवसांनी ओट्यावर तो आवाज आला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात छाया आली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने आधी दंडाचे दोन रुपये ठेवले. मग पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि माझ्यासमोर मोजल्या. सहाशे मागचे, दोनशे मार्चचे.

"घ्या ताई. आता नाव काढू नका."

"अगं वेडे, ते राहू दे," मी म्हणाले. "बस आधी. तुझ्यासाठी वीस ब्लाउजांचं काम काढलंय. आणि बारा हजारही मंजूर केलेत. गणवेशाचं काम..."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "गणवेशाचं काम शनिवारी दुसऱ्याला गेलं. शाळेतल्या सरांनी विचारलं, मशीन कधी येणार. मी काय सांगणार होते?"

"बरं, ते जाऊ दे. ब्लाउज तर आहेत."

"कशावर शिवू ताई?" ती म्हणाली. "होतं ते मशीन काल विकलं. सहाशे आणायचे होते ना."

मी विचारलं, कोणाला विकलं. पंचवटीतल्या जुन्या मालाच्या दुकानात, नऊशेला. मी म्हटलं, चल, आत्ता परत आणू. ती म्हणाली, सकाळीच जाऊन आले मी, मन राहिना म्हणून. सुरगाण्याकडचा एकजण जीपमध्ये टाकून घेऊन गेला. तिच्या आईने लग्नात दिलेलं मशीन होतं ते. मी तिथेच रडले. तेरा बायकांसमोर, तोंडाला पदर न लावता रडले. ते सहाशे मी तिच्याकडे सरकवले, तिने परत माझ्याकडे सरकवले. "नियम आहे," ती म्हणाली. तिला राग नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं.

बारा हजारांतून आधी साधं मशीन घ्यायचं असं त्याच दिवशी ठरलं. बुधवारी मी स्वतः तिच्याबरोबर मेनरोडला गेले आणि दुकानदाराशी भांडून ते आणलं. पण त्या आधी सकाळी मला पैसे भरायला बँकेत जावं लागलं. प्रतिभा मॅडमनी पावती बघितली. फेब्रुवारीत अकराशे पन्नास, मार्चमध्ये एकदम एकोणीसशे, त्यातले आठशे छायाचे.

"चंद्रभागाबाई, अभिनंदन," त्या म्हणाल्या. "मंदीत बचत वाढवून दाखवलीत. कशी वाढली सांगा, मी बाकीच्या गटांनाही सांगते."

"नका सांगू मॅडम," मी म्हणाले. "एका बाईने पोटापाण्याचं मशीन विकलं, तेव्हा वाढली."